‘फी आणि पात्रता कळवावी’ या मेलला उत्तर का येत नाही

प्रश्न: मी हडपसर भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पीटीचे सर रिटायर झाल्यापासून चौदा वर्षांखालच्या मुलींची फुटबॉल टीम माझ्याकडे आलीये, दोन वर्षं सांभाळतेय. मोठ्या बाई म्हणतात कोचिंगचं सर्टिफिकेट घेऊन टाका. मी एका संघटनेच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर मेल केला: ‘महोदय, आपल्याकडील कोचिंग सर्टिफिकेट कोर्सेस, त्यांची फी व पात्रता याबाबत माहिती पाठवावी ही विनंती.’ तीन आठवडे झाले, काही उत्तर नाही. कॉलेजात मी हॉकी खेळलेय, फुटबॉल नाही. मेलमध्ये काही चुकलं का? फी साधारण किती असते, आणि मला घेतील का?

उत्तर:

मॅडम, मेलमध्ये चूक अशी काही नाही, पण तो वाचून समोरच्याला उत्तर देता येत नाही, आणि उत्तर देता न येणारा मेल ‘नंतर बघू’ म्हणून खाली सरकत जातो. मी हे त्या बाजूला बसून पाहिलंय. मी पण शाळेतच शिकवतो, आणि जोडीला बरीच वर्षं एका जिल्हा संघटनेचा मानद सहसचिव होतो. खेळ कुठला ते सांगत नाही, पुण्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. मानद म्हणजे बिनपगारी हे लक्षात घ्या. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कपाटं, कपाटावर गेल्या वर्षीच्या उरलेल्या ट्रॉफ्यांचे खोके, आणि संध्याकाळी साडेसहा ते आठ जो कोणी नोकरीवरून सुटून येईल तो मेल उघडणार. त्यात स्पर्धेच्या एंट्र्या, वयाचे दाखले, दहावीच्या क्रीडा गुणांसाठी घायकुतीला आलेले पालक, आणि मधूनच तुमच्यासारखा एक मेल. तुमच्या मेलइतकाच नम्र, तसाच एका ओळीचा. आठवड्याला दोन-तीन तरी यायचे. खरं सांगतो, निम्म्यांना मी उत्तर दिलं नाही.

का दिलं नाही ते सांगतो, कारण त्यातच तुमचं काम आहे. तुम्ही एका वाक्यात तीन गोष्टी विचारल्यात आणि त्या तिन्हींची उत्तरं तीन वेगळ्या टेबलांवर असतात. पात्रता कोण ठरवतं, तर त्या खेळाचा राष्ट्रीय महासंघ. फुटबॉलमध्ये म्हणजे एआयएफएफ, ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन. राज्याची संघटना त्यात आपल्या मनाने बदल करू शकत नाही. फी मात्र प्रत्येक कोर्सची वेगळी असते, कारण कोर्स भरवणारी राज्य संघटना मैदान, इन्स्ट्रक्टरचा प्रवास आणि मुक्काम, जेवण, कोर्स निवासी आहे की येऊन-जाऊन, हे सगळं धरून ती लावते. म्हणजे कोर्स जाहीर होईपर्यंत फीचा आकडाच अस्तित्वात नसतो. गेल्या वर्षीचा आकडा सांगावा तर यंदा वाढली की तुम्ही तोच मेल पुढे करून भांडणार, ही भीती सचिवाला असतेच, मलाही होती. आणि तिसरी गोष्ट, कोर्स कधी, ती इन्स्ट्रक्टर कधी मोकळा आहे, मैदान कधी मिळतंय आणि अर्ज किती आलेत यावर अवलंबून. त्यामुळे ‘फी कळवावी’ असं विचारलं की समोरचा थांबतो, पण ‘पुढचा कोर्स जाहीर झाला की कळवाल का, माझं नाव इच्छुकांच्या यादीत घ्याल का’ असं विचारलं की त्याला फक्त ‘हो’ लिहायचं असतं.

मी तुम्हाला फीचा आकडा देत नाहीये तो याच कारणाने. इथे खाली कोणीतरी देईलच, तो त्याच्या वर्षाचा आणि त्याच्या शहराचा असेल एवढं धरून चाला.

आता पत्ता. कुठल्या संघटनेला मेल केला ते तुम्ही लिहिलं नाहीये, आणि इथेच बरेच शिक्षक पहिल्या पायरीला घसरतात. फुटबॉलची आपल्या राज्याची संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, सगळे विफा म्हणतात. नावात महाराष्ट्र नाही म्हणून लोकांना ती सापडतच नाही, कोणी सरळ ‘महाराष्ट्र फुटबॉल’ असं शोधतं आणि पहिलं जे दिसेल त्याला मेल करून मोकळं होतं. क्रिकेटमध्ये उलटा घोळ आहे, एमसीए म्हटलं की मुंबईची पण एमसीए आणि आपली पण एमसीए, आणि पुणेकराने मुंबईला मेल करून काही उपयोग नाही. तुमच्यासाठी क्रम असा: मेल विफाला, आणि त्याचीच कॉपी पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेला. जिल्ह्याला कशाला, तर पुण्यात कोर्स घ्यायचा झाला तर मैदानाची जुळवाजुळव आणि इच्छुकांची नावं बहुतेक वेळा इथूनच जातात. शिवाय जिल्ह्याचा माणूस तुमच्या शाळेच्या टीमला मैदानावर बघून असतो, त्याला तुमची ओळख पटकन पटते.

आणि मेल पाठवायच्या आधी कोर्सचं नाव घ्यायला शिका. ‘कोचिंग सर्टिफिकेट कोर्सेस’ हे फार मोघम झालं. अशा मेलला उत्तर म्हणून रेफरी कोर्सची नोटीस गेलेली मी पाहिलीये, कबड्डी-खोखोवाले तर हमखास पंच परीक्षेचा फॉर्म पाठवतात, कारण आपल्याकडे शिक्षक म्हणजे पंच परीक्षा द्यायला आलेला असंच समीकरण झालंय. पंच वेगळा, प्रशिक्षक वेगळा. फुटबॉलमधल्या पायऱ्या सोप्या आहेत: डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. डी लायसन्स हे एआयएफएफचं, सीपासून वर आशियाई महासंघाची म्हणजे एएफसीची मान्यता येते. डीच्याही खाली लहान मुलांना खेळवणाऱ्यांसाठी ग्रासरूटचा छोटा कोर्स असतो, त्याला ई सर्टिफिकेट म्हणतात. तुमच्या मुली बारा-तेरा वर्षांच्या, म्हणजे तुमचा कोर्स डी. हा साधारण सहा दिवसांचा असतो, दोन डझनांच्या आसपास जागा असतात, आणि त्या भरायला वेळ लागत नाही.

तुम्हाला घेतील का? हे बघा, वय अठरा पूर्ण हवं, तब्येत मैदानावर पळता येईल इतकी हवी, आणि बॉल पायाने दिला-घेतला जाईल इतका खेळ हवा. डी ही शिडीची खालची पायरी आहे, तिथे ‘राज्य खेळल्याचं सर्टिफिकेट दाखवा’ हा प्रश्न सहसा येत नाही. हॉकी खेळलात हे उलट चांगलंय, मोकळी जागा कुठे आहे हे बघायची नजर त्यातून आलेली असते, फक्त पाय तयार करावे लागतील. पण ही माझी समजूत आहे आणि अटी बदलतात, त्यामुळे मेलमध्ये एक स्पष्ट प्रश्न हा हवाच. आणि तो ‘पात्रता काय’ असा नको, तो ‘मी अशी आहे, मी चालते का’ असा हवा. पहिल्याला अख्खं परिपत्रक टाइप करावं लागतं, दुसऱ्याला हो-नाही पुरतं.

थोडं थांबून एक गोष्ट मोठ्या बाईंना विचारून घ्या: सर्टिफिकेट हवंय कशाला? ऐकायला उद्धट वाटतं पण सगळं यावर अवलंबून आहे. मुली शालेय जिल्हा स्पर्धेला न्यायच्या आहेत आणि नीट शिकवता यायला हवं एवढंच असेल तर डी पुरेसं आहे. शाळेच्या माहितीपत्रकात ‘प्रशिक्षित कोच’ लिहायचं असेल तरी पुरेसं. पण रिटायर झालेल्या सरांची जागा तुमच्या नावावर भरायची असा विचार कुठे असेल तर डी काय, बी लायसन्स आणलंत तरी उपयोग नाही, शारीरिक शिक्षण शिक्षकाच्या पदाला बी.पी.एड.सारखी पदवी लागते, ती वेगळी नियमित पदवी आहे आणि पुण्यात आगाशे कॉलेजसारख्या ठिकाणी मिळते. कोचिंग लायसन्स हे खेळाच्या संघटनेचं, शिक्षकाची पात्रता ही शिक्षण खात्याची, या दोन गाड्या वेगळ्या रुळांवरून जातात. माझ्या ओळखीतल्या एकाने तीन वर्षं हा गैरसमज बाळगला, दोन खेळांची सर्टिफिकेटं जमवली, आणि शेवटी पद मंजूर होताना कळलं की ती फायलीत लावण्यापलीकडे कामाची नाहीत.

तुम्ही ‘एनआयएस’ हा शब्दही ऐकला असेल, कोणीतरी सांगेलच की तेच करा. पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, 1961 साली सुरू झालेली, तिथला मोठा डिप्लोमा आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स हे दोन्ही नावाजलेले आहेत यात वाद नाही. पण सहा आठवड्यांच्या कोर्सला खेळल्याचा पुरावा साधारणपणे मागतात, तुमच्याकडे तो हॉकीचा आहे, फुटबॉलचा नाही. आणि दुसरं म्हणजे तो कोर्स पूर्वापार मे-जूनमध्ये येतो. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंतचा भाग सुट्टीत बसतो आणि पुढचे दिवस थेट शाळेतून काढावे लागतात, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात कुठलीही मुख्याध्यापिका विज्ञानाच्या बाईंना सोडत नाही. तुमच्या टीमसाठी आज तरी ते जड आहे.

आता मेलच लिहून देतो, यात तुमचं तुम्ही बदला. विषयाच्या ओळीत कोर्सचं नाव, शहर आणि तुम्ही कोण हे आलं पाहिजे, कारण सचिव फोनवर आधी तेवढंच बघतो.

विषय: डी लायसन्स कोर्स, पुणे किंवा जवळपास, शाळा शिक्षिकेची चौकशी

मा. सचिव,
सप्रेम नमस्कार.
मी हडपसर येथील एका शाळेत विज्ञान शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून शाळेच्या 14 वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघाचं काम बघते. माझं वय … वर्षे, शिक्षण बी.एस्सी., बी.एड. महाविद्यालयीन स्तरावर हॉकी खेळले आहे, फुटबॉल स्पर्धेत खेळलेली नाही.
मला एआयएफएफ डी लायसन्स कोर्स करायचा आहे. कृपया एवढं कळवावं:
1. वरील माहितीनुसार मी अर्ज करू शकते का?
2. पुढचा कोर्स जाहीर झाल्यावर माहिती मिळावी म्हणून माझं नाव इच्छुकांच्या यादीत घ्याल का? शनिवार-रविवार जोडून किंवा दिवाळी, मे सुट्टीत असल्यास मला सोयीचं. केवळ महिलांसाठी कोर्स असल्यास त्यासाठीही नाव घ्यावं.
3. मागील कोर्सची सूचना उपलब्ध असल्यास पाठवावी, म्हणजे फीमध्ये काय काय धरलेलं असतं याचा अंदाज येईल. फी बदलू शकते याची कल्पना आहे.
मुख्याध्यापिकांचं पत्र सोबत जोडलं आहे.
आपली,
(नाव, शाळा, मोबाइल)

एवढंच. तिसरा मुद्दा मुद्दाम तसा लिहिलाय. ‘फी कळवावी’च्या ऐवजी ‘मागची सूचना पाठवावी’ म्हटलं की सचिवाला स्वतः आकडा लिहून द्यावा लागत नाही, तो जुनी पीडीएफ पुढे ढकलतो आणि तुम्हाला फी, तारखा, कागदपत्रं, पात्रता सगळं एका कागदात मिळतं. मला आलेल्या मेलांपैकी ज्यात हे वाक्य होतं त्यांना मी त्याच संध्याकाळी उत्तर दिलंय, कारण त्यात माझे वीस सेकंद जात होते. ‘फी बदलू शकते याची कल्पना आहे’ हे वाक्य पण गाळू नका, त्याने समोरचा निवांत होतो. आणि महिलांचे वेगळे डी लायसन्स कोर्स आपल्या देशात झालेले आहेत, विचारल्याशिवाय ते तुमच्यापर्यंत पोचणार नाहीत.

मुख्याध्यापिकांचं पत्र शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक टाकून. त्यात तुम्ही संघाचं काम बघता हे आणि निवड झाल्यास कोर्सच्या काळात सोडायला हरकत नाही हे. ही दोन वाक्यं आत्ताच घेऊन ठेवली की नंतर रजेचा प्रश्न निम्मा सुटतो. कर्तव्य रजा मिळेल की तुमच्या किरकोळ रजेतून जाईल हे शाळेशाळेवर आणि संस्थेवर आहे, अनुदानित शाळेत थोडा जास्त पत्रव्यवहार लागतो, पण पत्र आधी असेल तर बोलायला जागा राहते. आणि शाळेच्या मेलवरून पाठवू नका, स्वतःच्याच पाठवा, शाळेचा मेल ऑफिसातले क्लार्क बघतात आणि तुमच्या कोर्सची सूचना त्यांना एंट्र्यांच्या गर्दीत दिसणार नाही.

यापुढचा भाग आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंच्या अनुभवावरून सांगतो, त्यांनी डी केलंय आणि त्यांचं सगळं पत्रव्यवहारापासून शेवटपर्यंत मी जवळून पाहिलं.

त्यांची पहिली अडचण नावाची झाली. आधारवर लग्नानंतरचं नाव, पदवीवर माहेरचं, शाळेच्या सेवापुस्तकात दोन्हीचं मिश्रण. कोर्सला यायच्या आधी एआयएफएफच्या ऑनलाइन नोंदणीत, ज्याला सीआरएस म्हणतात, स्वतःची नोंद करावी लागते आणि त्यांनी तिथे घाईत पदवीवरचं नाव टाकलं. कोर्स झाला, सर्टिफिकेट आलं, त्यावर माहेरचं नाव. आता शाळेने फी परत द्यायचं कबूल केलं होतं, पण हिशेब बघणाऱ्यांनी व्हाउचर परत केलं, म्हणाले ज्यांच्या नावाचं सर्टिफिकेट आहे त्या बाई आमच्याकडे नोकरीलाच नाहीत. हसू येतं पण दोन महिने गेले त्यात, शेवटी नाव बदलाच्या राजपत्राची प्रत शोधून जोडली तेव्हा पैसे निघाले. तर सीआरएसमध्ये नाव टाकताना सेवापुस्तक समोर ठेवा, आधार त्याच्याशी जुळतंय का बघा, आणि जुळत नसेल तर आधी ते करा, मग मेल.

दुसरी गोष्ट पैशाची. त्यांचा कोर्स पुण्यात नव्हता, मुंबईला जावं लागलं. फी त्यांनी नीट विचारली होती पण ‘निवासी आहे का’ हे विचारायचं राहिलं. फीमध्ये दुपारचं जेवण आणि कोर्सचं साहित्य होतं, राहणं नव्हतं. सहा दिवस एका नातेवाइकांकडे राहिल्या, रोज लोकल, सकाळी सातला मैदानात हजर, आणि शेवटी सगळा खर्च जोडला तर फीपेक्षा वर तेवढाच पुन्हा झाला होता. म्हणून मागची सूचना हातात आली की तिच्यात चार गोष्टी शोधा: राहणं आहे का, जेवण किती वेळचं, जीएसटी धरलाय की वर लागणार, आणि शेवटच्या क्षणी तुम्ही येऊ शकला नाहीत तर पैशाचं काय. शिक्षकांच्या बाबतीत हा चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपल्याला कधी निवडणुकीच्या कामाला लावतील याचा भरवसा नाही. एकदा त्यांच्या आधीच्या कोर्सची फी भरून झाल्यावर त्यांना नेमकं असंच पत्र आलं होतं, आणि तेव्हा पैसे परत नाहीत पण पुढच्या कोर्सला जागा मिळेल असं ठरलं, ते सूचनेत लिहिलेलं होतं म्हणूनच.

फी भरताना पैसे संघटनेच्या नावाच्या खात्यातच जाऊ द्या. कोणी ‘माझ्या नंबरवर टाका, मी भरतो’ म्हणालं, कितीही ओळखीचा असला तरी, तर नको म्हणा. पावती संघटनेच्या नावाची आणि तुमच्या सेवापुस्तकातल्या नावाची हवी, नाहीतर पुन्हा व्हाउचरची तीच कथा.

तिसरी गोष्ट मैदानावरची, आणि ती फक्त शिक्षकांनाच लागू होते. डीच्या कोर्समध्ये सकाळी मैदान आणि दुपारी वर्ग असा दिवस जातो, आणि शेवटी प्रत्येकाला एक विषय देतात, म्हणजे पासिंग किंवा बॉल ताब्यात घेणं, त्यावर बाकीच्या उमेदवारांनाच खेळाडू समजून छोटं सेशन घ्यायचं, इन्स्ट्रक्टर बाजूला वही घेऊन उभा. आमच्या बाईंना पासिंग आलं. त्यांनी कोन ठेवले, सगळ्यांना गोल केलं आणि बोलायला लागल्या, पायाची आतली बाजू, घोटा स्थिर, नजर कुठे, सगळं अगदी बरोबर, मुद्देसूद, फळ्यावर लिहावं तसं. दोन-तीन मिनिटं झाली असतील, मागून इन्स्ट्रक्टर म्हणाला, मॅडम, बॉल थांबलाय. एवढंच. त्यांना कळेना काय चुकलं, कारण शिकवणं तर छान चाललं होतं. पण मुद्दा तोच होता, कोचिंगमध्ये आधी खेळ सुरू होतो, मग चुकीच्या क्षणी तो थांबवून, सगळ्यांना जागच्या जागी उभं करून, एक वाक्य सांगायचं, दाखवायचं आणि परत चालू. आपण शिक्षक उलट करतो, आधी सगळं सांगतो आणि मग करायला लावतो. बाईंना दुसऱ्यांदा संधी मिळाली तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवून लगेच चार विरुद्ध एक लावलं, आणि एक मुलगी पास देऊन तिथेच उभी राहिली तेव्हा थांबवून विचारलं, ‘आता तू कुठे असायला हवं होतं?’ पास झाल्या. तुम्ही कोर्सला जायच्या आधी महिनाभर तुमच्याच टीमवर हे करून बघा: सेशनच्या पहिल्या मिनिटात बॉल हलला पाहिजे, आणि तुमचं एका वेळचं बोलणं वीस सेकंदांच्या आत.

चौथी गोष्ट थोडी कडू आहे. तुम्ही गूगल केलं की ‘दोन दिवसांत आंतरराष्ट्रीय कोचिंग सर्टिफिकेट’ असल्या जाहिराती येतील, आणि मेलला लगेच उत्तर त्यांच्याकडूनच येईल, तेही फीसकट. तरुणपणी मी स्वतः असं एक घेतलंय, नाव सांगत नाही, होलोग्राम होता, जाड कागद होता, शाळेच्या समितीने बघितलं आणि एकच विचारलं, ही संस्था कोण? मला सांगता आलं नाही. तपासायची पद्धत सोपी आहे. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव त्या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाच्या साइटवर दिसतं का, आणि तो महासंघ केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने मान्यता दिलेल्या यादीत आहे का. काही खेळांत दोन-दोन संघटना स्वतःला खरी म्हणवतात, तिथे ही यादी बघण्यावाचून गत्यंतर नाही. फुटबॉलमध्ये हा त्रास कमी आहे: एआयएफएफ, मग विफा, मग जिल्हा, एवढी साखळी ज्याला जुळत नाही तिथे पैसे देऊ नका. खासगी अकादमीत शिकायला काहीच हरकत नाही, फक्त त्याला लायसन्स समजू नका.

आता मेल गेल्यावर काय. आठ दिवस थांबा, मग त्याच मेलला ‘रिप्लाय’ करून दोन ओळी लिहा, नवा मेल नको, म्हणजे जुना मजकूर खाली दिसत राहतो. त्यालाही उत्तर आलं नाही तर फोन करा, पण सकाळी अकराला नाही, तेव्हा तो माणूस बँकेत किंवा त्याच्या शाळेत असतो. संध्याकाळी सातच्या पुढे. किंवा सरळ एखाद्या जिल्हा स्पर्धेला मैदानावर जा, संघटनेची माणसं टेबल टाकून बसलेली असतातच, नमस्कार करून सांगा की अमुक तारखेला मेल केलाय. माझ्याकडे असं कोणी समोर येऊन उभं राहिलं की मी तिथेच फोन काढून मेल शोधायचो, लाज वाटायची ना. स्पर्धा चालू असताना मात्र फी आणि पात्रता यावर चर्चा सुरू करू नका, त्या वेळी त्याच्या डोक्यात एकच विचार असतो, तिसऱ्या मॅचचा रेफरी अजून का आला नाही.

ज्या मेलला उत्तर आलं नाही तो मात्र पुन्हा तसाच पाठवू नका. वरचा मजकूर घ्या, तुमचं वय भरा, पत्र जोडा, आणि दिवाळीच्या दोन महिने आधी जाईल असं बघा, कारण शिक्षकांना जमतील असे कोर्स सुट्ट्यांच्या आसपास धरले जातात आणि नावं आधीच गोळा होतात.

आणि स्टड्स आत्ताच घेऊन ठेवा. कोर्सच्या पहिल्या दिवशी नवे बूट घालून आलेल्यांना तिसऱ्या दिवशी टाचेला पट्ट्या लावून बाजूला बसलेलं मी पाहिलंय, आणि हजेरी तर सहाही दिवस मैदानावरची धरतात.